घटक ४ : रणांगणावरील हत्ती : सामर्थ्य, मर्यादा आणि प्रतिकार

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला,

- प्राचीन सैन्यात हत्तीला कोणते काम दिले जाई, हे सांगता येईल.
- झेलमच्या लढाईतील हत्तींच्या भूमिकेचे टप्प्याटप्प्याने विवेचन करता येईल.
- हत्तींचा प्रतिकार करण्याच्या पद्धती कशा विकसित होत गेल्या, हे स्पष्ट करता येईल.
- 'हत्तींमुळेच भारतीय राजे हरले' या प्रचलित विधानाचे पुराव्यांच्या आधारे मूल्यमापन करता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, प्राचीन भारतीय सेनेला 'चतुरंग' म्हणत, हे आपण मागील घटकात पाहिले. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही तिची चार अंगे. यांतील रथ कालांतराने रणांगणावरून नाहीसा झाला. हत्ती मात्र दोन हजार वर्षांहून अधिक काळ टिकला. बुद्धिबळाच्या पटावर तर तो आजही कोपऱ्यातल्या घरात उभा आहे.

असे असूनही हत्तीविषयी एक विधान आपण वारंवार ऐकतो. पोरस झेलमच्या काठी हरला, कारण त्याचे हत्ती उधळले आणि त्यांनी स्वतःचेच सैन्य तुडवले. या विधानातून पुढे असाही निष्कर्ष काढला जातो, की हत्ती हे मुळातच निरुपयोगी साधन होते आणि भारतीय राजे केवळ परंपरेपोटी त्याला कवटाळून बसले.

हा निष्कर्ष स्वीकारण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हवा. हत्ती निरुपयोगी असता, तर झेलमची लढाई ज्यांनी जिंकली त्याच ग्रीक सेनापतींनी पुढच्या पंचवीस वर्षांत शेकडो हत्ती मिळवण्यासाठी एवढी मोठी किंमत का मोजली? प्रस्तुत घटकात आपण या प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत. त्यासाठी झेलमची लढाई तपशिलाने पाहू आणि नंतर रोमन, मध्य आशियाई व मोगल सैन्यांनी हत्तींशी कसा सामना केला, याचा मागोवा घेऊ.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ जंगलातून सैन्यात

घोड्याची पैदास तबेल्यात करता येते. हत्तीच्या बाबतीत ते परवडत नाही. हत्तिणीचा गर्भकाळ सुमारे बावीस महिन्यांचा असतो आणि पिल्लू कामास योग्य होईपर्यंत पंधरा-वीस वर्षे जातात. एवढी वर्षे त्याला बसवून खाऊ घालण्यापेक्षा जंगलात वाढलेला हत्ती पकडून माणसाळवणे स्वस्त पडे. म्हणून लढाऊ हत्ती हे प्रायः रानातून पकडलेलेच असत.

कौटिलीय अर्थशास्त्रात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. हत्तींसाठी राखलेल्या अरण्याला 'नागवन' म्हटले आहे. हत्ती उन्हाळ्यात पकडावा, वीस वर्षांचा पकडावा. आजारी हत्ती, गाभण किंवा पिल्लाला पाजणारी हत्तीण पकडू नये, असे नियम त्यात आहेत. चाळीस वर्षांचा, सात अरत्नी म्हणजे सुमारे तीन मीटर उंचीचा हत्ती उत्तम मानला आहे. नागवनात हत्ती मारणाऱ्यास देहान्त शिक्षा सांगितली आहे. उलट, आपोआप मेलेल्या हत्तीचे सुळे आणून देणाऱ्यास सव्वाचार पणांचे बक्षीस आहे. हत्ती ही राज्याची किती मोलाची मालमत्ता होती, हे या दोन नियमांवरून ध्यानात येते.

त्याला पोसणेही सोपे नव्हते. मोठ्या हत्तीला दिवसाला सुमारे दीडशे किलो चारा लागतो. त्यामुळे ज्या राज्याच्या हद्दीत जंगल, पाणी आणि हिरवा चारा मुबलक आहे, तेच राज्य मोठे गजदल बाळगू शके. गंगेच्या खोऱ्यातील मगधाला ही अनुकूलता लाभली होती. इराणच्या किंवा मध्य आशियाच्या कोरड्या प्रदेशाला ती नव्हती.

हत्ती आणि सैन्य यांना जोडणारा दुवा म्हणजे माहूत. तो हत्तीच्या मानेवर बसून पायांच्या स्पर्शाने, शब्दांनी आणि अंकुशाने त्याला चालवी. हत्ती आज्ञा पाळतो ती या एका माणसाची. हा दुवा तुटला तर उरतो तो केवळ घाबरलेला, जखमी आणि प्रचंड प्राणी. पुढील सर्व विवेचनात ही गोष्ट लक्षात ठेवा. हत्तीविरुद्धच्या बहुतेक युक्त्या या ना त्या प्रकारे हा दुवा तोडण्याच्याच होत्या.

४.२.२ हत्तीचे खरे काम

चित्रपटांत हत्ती शत्रूच्या रांगेत घुसून माणसे तुडवताना दिसतो. हे काम तो करीत असे, यात शंका नाही. परंतु सेनापतीच्या दृष्टीने त्याचे त्याहून मोठे काम वेगळे होते. ते म्हणजे शत्रूचे घोडे अडवणे.

ज्या घोड्याने पूर्वी हत्ती पाहिलेला नाही, तो त्याच्या वासाने आणि चीत्काराने बुजतो. स्वाराने कितीही टाचा मारल्या तरी पुढे जात नाही. म्हणून घोडदळ हेच ज्याचे मुख्य बळ आहे, अशा शत्रूपुढे हत्तींची रांग म्हणजे चालती भिंत ठरे. भारतीय घोडे हत्तींच्या सहवासात वाढत, त्यामुळे ते त्यांच्याजवळ निर्धास्त राहत. एका बाजूचे घोडे सरावलेले आणि दुसऱ्या बाजूचे बुजरे, हाच हत्ती बाळगणाऱ्या सैन्याचा खरा लाभ होता.

याच लाभात त्याची मर्यादाही दडलेली आहे. भीती हे सवयीने बोथट होणारे शस्त्र आहे. शत्रूचे घोडे आणि माणसे एकदा सरावली, की हत्तीचे निम्मे बळ संपते.

> स्वयं-अध्ययन प्रश्न १
> अ) लढाऊ हत्तींची पैदास न करता ते जंगलातून का पकडले जात?
> आ) हत्तींची रांग घोडदळाविरुद्ध विशेष परिणामकारक का ठरे?

४.२.३ झेलमची लढाई (इ.स.पू. ३२६)

या लढाईचे सर्वांत सुसंगत वर्णन ॲरियन या ग्रीक लेखकाने केले आहे. तो लढाईनंतर सुमारे साडेचारशे वर्षांनी लिहीत होता. मात्र त्याने अलेक्झांडरसोबत असलेल्या टॉलेमी आणि ॲरिस्टोब्युलस यांच्या लेखनाचा आधार घेतला होता. भारतीय बाजूचे समकालीन वर्णन उपलब्ध नाही. म्हणजे पोरसाच्या हत्तींची हकिकत आपण जिंकलेल्यांच्या तोंडून ऐकत आहोत, हे विसरता कामा नये.

नदीकाठचा पेच : पोरसाने झेलमच्या पूर्व काठावर हत्ती उभे केले. अलेक्झांडर पश्चिम काठावर होता आणि नदीला पूर आलेला होता. तराफ्यांवरून घोडे पलीकडे नेता आले असते. पण समोर हत्ती दिसताच घोडे काठावर चढणार नाहीत, उलट पाण्यात उड्या टाकतील, अशी अलेक्झांडरला धास्ती होती, असे ॲरियन स्पष्ट सांगतो. येथे हत्तींनी एकही माणूस न मारता आपले काम चोख बजावले होते. त्या काळच्या सर्वांत कसलेल्या घोडदळाला त्यांनी नदीपलीकडे रोखून धरले होते.

अलेक्झांडरने यावर उपाय शोधला तो पोरसाला थकवण्याचा. रात्रीमागून रात्री तो घोडदळ काठाने इकडून तिकडे फिरवी आणि रणगर्जना करवी. प्रत्येक वेळी पोरस हत्ती घेऊन समांतर धावे. दरवेळी हूल ठरू लागली, तेव्हा पोरसाने धावणे थांबवले. मग एका वादळी पावसाच्या रात्री अलेक्झांडर मुख्य तळापासून सुमारे २७ किलोमीटर वरच्या अंगाला जाऊन नदी उतरला. त्याच्यासोबत सुमारे ५,००० घोडेस्वार आणि ६,००० पायदळ होते. उरलेले सैन्य क्रॅटेरसच्या हाताखाली मूळ तळावरच ठेवले होते, आणि त्याला आज्ञा अशी होती, की पोरस हत्ती घेऊन निघून गेल्याखेरीज नदी ओलांडू नये. अलेक्झांडरची सारी योजना हत्ती कोठे आहेत, या एकाच गोष्टीभोवती आखलेली होती.

पोरसाची रचना : बातमी कळताच पोरसाने आधी आपल्या मुलाला रथ व घोडेस्वार देऊन पाठवले. पावसाने झालेल्या चिखलात रथ रुतले आणि ती तुकडी नष्ट झाली. मग क्रॅटेरसला अडवण्यापुरते थोडे हत्ती मागे ठेवून पोरस स्वतः निघाला. चिखल नसलेले, सपाट आणि घट्ट वाळूचे मैदान त्याने निवडले. पुढे हत्तींची रांग, दोन हत्तींमध्ये सुमारे ३० मीटर अंतर. मागे आणि मधल्या जागेत पायदळ. दोन्ही बगलांना घोडदळ व त्यांच्या पुढे रथ, अशी रचना केली. दूरून पाहणाऱ्याला हत्ती बुरुजांसारखे आणि पायदळ तटासारखे दिसे, अशी उपमा डायोडोरसने दिली आहे. ही रचना विचारपूर्वक केलेली होती. हत्तींसमोर शत्रूचे घोडे येणार नाहीत आणि पायदळ आले तर तुडवले जाईल, असा तिचा हिशेब होता.

येथे आकडे कसे वाचावेत, याचा थोडा सराव करू. पोरसाकडे २०० हत्ती होते, असे ॲरियन सांगतो; डायोडोरस १३० म्हणतो, तर कर्टियस ८५. हत्तींमधील ३० मीटर अंतर खरे मानले, तर २०० हत्तींची रांग सुमारे सहा किलोमीटर लांब होते. त्या काळी आज्ञा पोहोचत ती नगाऱ्याने, निशाणाने किंवा स्वाराकरवी. एवढी लांब रांग एका माणसाच्या हुकमतीत ठेवणे अवघडच. ८५ हत्ती मानले, तर रांग अडीच किलोमीटरची होते आणि चित्र अधिक संभवनीय वाटते. यावरून कर्टियसचाच आकडा खरा, असे सिद्ध होत नाही. परंतु जिंकणाऱ्याच्या बाजूने आलेला मोठा आकडा जमिनीवर मांडून पाहावा, हे मात्र शिकता येते.

लढाईचे टप्पे : अलेक्झांडरने हत्तींवर चाल केलीच नाही. त्याने पोरसाच्या डाव्या बगलेवरील घोडदळ गाठले. प्रथम घोड्यांवरील तिरंदाजांनी बाणांचा मारा केला. मग तो स्वतः निवडक स्वारांसह तुटून पडला. त्याच वेळी सेनापती कॉइनस दुसऱ्या बाजूने वळसा घालून भारतीय घोडदळाच्या पाठीवर आला. दोन्हीकडून सापडलेले भारतीय स्वार माघार घेत हत्तींच्या रांगेत शिरले. तटाआड आसरा घ्यावा, तसा त्यांनी हत्तींचा आसरा घेतला. त्यामुळे हत्तींना हालचालीसाठी राखलेली मोकळी जागा भरून गेली.

यानंतर माहुतांनी हत्ती पुढे घातले, आणि ग्रीक पायदळाला त्यांचा तडाखा बसला. भाल्यांची दाट फळी हत्तींनी ठिकठिकाणी फोडली, हे ॲरियननेही मान्य केले आहे. पण ग्रीक सैनिकांनी जागा सोडून देण्याची युक्ती योजली. हत्ती अंगावर आला की ते पांगत. वळला की पुन्हा जवळ येऊन भाले फेकत. त्यांचा पहिला नेम माहुतांवर असे. हत्तींचे पाय कुऱ्हाडींनी आणि सोंडा वाकड्या तलवारींनी तोडल्याचे कर्टियस नोंदवतो.

माहूत पडले, हत्ती जखमी झाले आणि भोवती आपल्याच माणसांची दाटी झाली. ग्रीकांना मागे सरायला मोकळे मैदान होते. भारतीय सैनिकांना नव्हते. म्हणून बेभान हत्तींच्या पायाखाली ते अधिक सापडले. शेवटी दमलेले हत्ती चीत्कार करीत, तोंड शत्रूकडेच ठेवून एकेक पाऊल मागे सरू लागले. तेव्हा ग्रीक पायदळाने ढालीला ढाल भिडवून वेढा आवळला. एव्हाना क्रॅटेरसही नदी उतरून आला होता. पोरस आपल्या हत्तीवरून अखेरपर्यंत लढला आणि उजव्या खांद्याला जखम झाल्यावरच मागे वळला.

आता प्रस्तावनेतील विधानाकडे पुन्हा पाहा. हत्तींनी स्वपक्षाचे सैनिक तुडवले, हे खरे. पण ही लढाईची शेवटची पायरी होती. त्याआधी घोडदळ हरले होते, रांगेतील जागा संपली होती आणि माहूत मारले गेले होते. हत्तीचे उधळणे हे पराभवाचे मूळ कारण नसून, इतर अंगांची साथ तुटल्याचा तो परिणाम होता.

> स्वयं-अध्ययन प्रश्न २
> अ) क्रॅटेरसला कोणती आज्ञा देण्यात आली होती? तिच्यावरून काय सूचित होते?
> आ) भारतीय घोडदळ हत्तींच्या आश्रयाला गेल्याने कोणती अडचण निर्माण झाली?

४.२.४ जिंकणाऱ्यांनीच हत्ती का मागितले?

अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर त्याचे सेनापती आपसांत लढू लागले. त्यांतील सेल्युकसने इ.स.पू. ३०३ च्या सुमारास चंद्रगुप्त मौर्याशी तह केला. सिंधूलगतचा मोठा प्रदेश सोडून देऊन त्याच्या मोबदल्यात त्याने ५०० हत्ती घेतले, असे ग्रीक लेखक सांगतात. आकड्याविषयी मतभेद असू शकतात. परंतु प्रदेश देऊन हत्ती घेतले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

इ.स.पू. ३०१ मध्ये आजच्या तुर्कस्तानातील इप्सस येथे या व्यवहाराचे फळ मिळाले. शत्रुपक्षाचा राजा अँटिगोनस याचा पुत्र डेमेट्रियस घोडदळ घेऊन समोरच्यांचा पाठलाग करीत फार पुढे निघून गेला. तो परतू लागला, तेव्हा सेल्युकसने मधल्या जागेत हत्ती आणून उभे केले. डेमेट्रियसचे घोडे हत्तींपुढे येईनात. पलीकडे त्याच्या वृद्ध पित्याचे पायदळ एकाकी पडले, फुटले आणि अँटिगोनस मारला गेला. झेलमच्या काठी हत्तींनी घोडे अडवताना सेल्युकसने स्वतः पाहिले होते, कारण तो त्या लढाईत पायदळाच्या एका तुकडीचा नायक होता. योग्य जागी, योग्य वेळी आणि इतर दलांच्या साथीने वापरलेला हत्ती काय करू शकतो, हे इप्ससने दाखवून दिले.

४.२.५ रोमन सैन्याचे शिक्षण

रोमन सैन्याने हत्ती प्रथम पाहिले ते इ.स.पू. २८० मध्ये, इटलीतील हेराक्लीया येथे. ग्रीक राजा पिऱ्हस याच्यापाशी अवघे वीस हत्ती होते. परंतु त्यांना पाहून रोमन घोडे बुजले आणि लढाई हातची गेली. त्यानंतर सुमारे आठ दशकांनी, इ.स.पू. २०२ मध्ये, उत्तर आफ्रिकेतील झामा येथे कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने ऐंशीहून अधिक हत्ती आघाडीला उभे केले. या वेळी रोमन सेनापती स्किपिओ तयारीनिशी आला होता.

रोमन पायदळाच्या तीन फळ्या असत आणि त्यांतील तुकड्या बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकाआड एक उभ्या राहत. म्हणजे पुढच्या फळीतील रिकाम्या जागेमागे मागच्या फळीची तुकडी येई. स्किपिओने ही पद्धत बदलून तुकड्या एकामागे एक सरळ उभ्या केल्या. त्यामुळे सैन्याच्या आरपार रुंद बोळ तयार झाले. समोरून ते दिसू नयेत, म्हणून त्यांत हलक्या शस्त्रांचे सैनिक उभे केले. हत्ती आले की शक्य तर बोळातून मागे पळावे, नाहीतर बाजूच्या तुकड्यांमध्ये शिरून वाट मोकळी करावी, असे त्यांना बजावले होते.

लढाई सुरू होताच रोमनांनी एकदम तुताऱ्या आणि शिंगे फुंकली. काही हत्ती बिथरून मागे फिरले आणि हॅनिबलच्याच डाव्या बगलेवरील घोडदळात घुसले. रोमनांचा मित्र मॅसिनिसा याने ती संधी साधून ते घोडदळ पळवून लावले. उरलेल्या हत्तींनी हलक्या सैनिकांची बरीच हानी केली. पण मोकळी वाट दिसताच त्यांतले अनेक बोळांतून सरळ निघून गेले. स्किपिओने प्राण्याच्या स्वभावाचा उपयोग केला होता. समोर भाल्यांची भिंत आणि शेजारी मोकळी वाट असेल, तर हत्ती वाटच धरतो.

उधळलेल्या हत्तीचे काय करावे, हा प्रश्न हत्ती बाळगणाऱ्यांनाही पडला होता. इ.स.पू. २०७ मधील मेटॉरसच्या लढाईत हॅनिबलचा भाऊ हॅस्ड्रुबल याच्या माहुतांजवळ छिन्नी आणि हातोडा असे. हत्ती अनावर झाला, की मान आणि डोके यांच्या सांध्यावर छिन्नी ठेवून माहूत घाव घाली आणि हत्ती जागीच कोसळे. त्या दिवशी शत्रूपेक्षा माहुतांच्याच हातून अधिक हत्ती मेले, असे लिव्ही हा इतिहासकार सांगतो. ज्याने हत्तीला वाढवले, त्याच्याच हाती त्याचे मरण सोपवलेले होते. या साधनाची जोखीम त्याच्या धन्यालाही किती ठाऊक होती, हे यावरून दिसते.

पुढे इ.स.पू. ४६ मध्ये ज्युलियस सीझरने आणखी एक पाऊल टाकले. आफ्रिकेतील मोहिमेत शत्रूकडे हत्ती आहेत, हे जाणून त्याने इटलीतून काही हत्ती छावणीत आणवले. ते लढाईसाठी नव्हते. सैनिकांनी हत्ती जवळून पाहावा, चिलखत घातल्यावर त्याच्या अंगाचा कोणता भाग उघडा राहतो ते ओळखावे आणि घोड्यांना त्याच्या वासाची व आवाजाची सवय व्हावी, यासाठी तो सराव होता. त्यानंतर थॅप्ससच्या लढाईत बाणांच्या आणि गोफणगुंड्यांच्या वर्षावाने हत्ती मागे फिरले आणि स्वपक्षाला तुडवीत छावणीकडे धावले. अपरिचिताची भीती हेच ज्याचे बळ, त्याचा परिचय करून देणे हाच त्यावरील उतारा ठरला.

> स्वयं-अध्ययन प्रश्न ३
> अ) झामा येथे स्किपिओने सैन्यरचनेत कोणता बदल केला?
> आ) सीझरने छावणीत हत्ती कशासाठी आणवले?

४.२.६ मध्ययुगीन भारत : उंच आसनाची जोखीम

इ.स. १३९८ च्या डिसेंबरात दिल्लीबाहेर तुघलक सुलतान नासिरुद्दीन महमूद याच्या चिलखती हत्तींसमोर तैमूरचे सैन्य उभे राहिले. हे सैनिक आणि त्यांचे घोडे मध्य आशियातले, म्हणजे हत्तींना न सरावलेले होते. तैमूरने तळापुढे खंदक खणवला, म्हशी एकमेकींना बांधून त्यांचा अडसर उभा केला आणि हत्तींच्या वाटेवर टाकण्यासाठी लोखंडी काटे तयार करवले. हत्तीचा तळवा मऊ असतो. काटा रुतला की तो पुढे पाऊल टाकीत नाही. दिल्लीकरांचा पराभव झाला. तैमूरने मात्र हत्ती मारून टाकले नाहीत. त्याने ते समरकंदला नेले आणि १४०२ मध्ये अंकाराच्या लढाईत स्वतःच वापरले. सेल्युकसप्रमाणे त्यालाही हत्तींचे मोल पटले होते.

भारतातील सैन्ये आणि घोडे हत्तींना सरावलेले असत. मग येथे हत्ती इतका काळ का टिकला? एक कारण असे, की तो सेनापतीचे आसन होता. हत्तीवरून सेनापतीला सारे मैदान दिसे आणि मुख्य म्हणजे साऱ्या सैन्याला सेनापती दिसे. तो दिसतो आहे तोवर सैन्य लढे. पण जो सर्वांना दिसतो, तो शत्रूच्या तिरंदाजालाही दिसतो.

५ नोव्हेंबर १५५६ रोजी पानिपतच्या दुसऱ्या लढाईत हेमू 'हवाई' नावाच्या हत्तीवर आरूढ होता. त्याचा तोफखाना मोगलांच्या आघाडीच्या तुकडीने आधीच हस्तगत केला होता. तरीही त्याच्या हत्तींनी मोगल सैन्याच्या दोन्ही बगला मागे रेटल्या. लढाई त्याच्या बाजूने झुकत असताना एक बाण त्याच्या डोळ्यात घुसला आणि तो हौद्यात कोसळला. सेनापती दिसेनासा होताच सैन्य पांगले. याच्या नेमके उलट १६५८ मध्ये सामूगढला घडले. दारा शुकोह धोका ओळखून हत्तीवरून उतरला आणि घोड्यावर बसला. रिकामा हौदा पाहून सैनिकांना वाटले, की तो मारला गेला. हत्तीवर राहणे धोक्याचे आणि उतरणेही धोक्याचे, असा हा पेच होता.

तोफा आणि बंदुका सुधारत गेल्या, तसे हे उंच लक्ष्य अधिकच सोपे झाले. धडाक्याच्या आवाजाला हत्ती सहजी सरावत नाही. त्यामुळे तो हळूहळू आघाडीवरून मागे सरला आणि तोफा ओढणे, सामान वाहणे, चिखलात रुतलेले गाडे काढणे या कामांना लागला. ही कामे त्याने पुढे बराच काळ केली.

४.२.७ दारावरचे खिळे

हत्तीविरुद्धच्या बचावाचा एक पुरावा आपल्याला महाराष्ट्रात आजही हाताने चाचपता येतो. किल्ल्याचे दार फोडण्यासाठी हत्तीला कपाळाने धडक द्यायला लावीत. त्यावर उपाय म्हणून दाराच्या फळ्यांवर लांब, अणकुचीदार लोखंडी खिळे ठोकत. पुण्यातील शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर असे खिळे आहेत. ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर येतात, हे मुद्दाम पाहा. अनेक किल्ल्यांत दारासमोरची वाट एकदम वळवलेली असते. हत्तीला धाव घेण्यासाठी सरळ जागाच मिळू नये, हा त्यामागील एक हेतू होता. झेलमच्या काठी जागा संपल्यामुळे हत्ती निष्प्रभ झाले. येथे बांधणाऱ्याने ती जागा आधीच काढून घेतली आहे.

४.३ सारांश

हत्तीचे रणांगणावरील मुख्य बळ म्हणजे न सरावलेल्या घोड्यांना आणि माणसांना वाटणारी भीती. ते टिकण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक होत्या : माहुताचा ताबा, हालचालीसाठी मोकळी जागा आणि घोडदळ-पायदळाची साथ. प्रतिकार करणाऱ्यांनी नेमक्या याच गोष्टींवर घाव घातला. झेलमला साथ आणि जागा तुटली, माहूत मारले गेले. झामाला हत्तींना वाट करून दिली गेली. सीझरने सरावाने भीती घालवली. तैमूरने अडथळे उभारले. पानिपतला हत्तीवरील सेनापतीच टिपला गेला. त्याच वेळी इप्ससची लढाई आणि तैमूरचे उदाहरण पाहता हत्ती निरुपयोगी होता, असे म्हणता येत नाही. एका पराभवावरून साधनाचे मोल ठरवू नये. ते कोणत्या स्थितीत वापरले गेले, हे तपासावे.

४.४ पारिभाषिक शब्द

- अरत्नी : कोपरापासून हातापर्यंतचे जुने लांबीमाप.
- नागवन : हत्तींसाठी राखून ठेवलेले अरण्य.
- अंकुश : हत्तीला ताब्यात ठेवण्याचे आकडा असलेले लोखंडी साधन.
- बगल : सैन्यरचनेची डावी किंवा उजवी बाजू.
- हौदा : हत्तीच्या पाठीवरील बसण्याची चौकट.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) गर्भकाळ मोठा असून पिल्लू कामास येण्यास पंधरा-वीस वर्षे लागत, तेवढा काळ पोसणे परवडत नसे. आ) हत्तीला न सरावलेले घोडे त्याच्या वासाने व आवाजाने बुजत आणि पुढे जात नसत.

प्रश्न २ : अ) पोरस हत्ती घेऊन निघून गेल्याखेरीज नदी ओलांडू नये. हत्तींसमोर घोडे काठावर चढवता येणार नाहीत, ही जाणीव तिच्यातून दिसते. आ) हत्तींच्या हालचालीसाठी असलेली जागा भरून गेली आणि दाटी झाली.

प्रश्न ३ : अ) तुकड्या एकाआड एक न ठेवता एकामागे एक उभ्या करून आरपार बोळ तयार केले. आ) सैनिकांना हत्तीचे उघडे अवयव कळावेत आणि घोड्यांना त्याची सवय व्हावी म्हणून.

४.६ स्वाध्याय

१. 'हत्तींचे उधळणे हे पोरसाच्या पराभवाचे कारण नसून परिणाम होता.' या विधानाची चर्चा करा.

२. झेलम आणि झामा या लढायांतील हत्तींच्या प्रतिकाराची तुलना करा.

३. पानिपत (१५५६) आणि सामूगढ (१६५८) यांच्या आधारे सेनापतीने हत्तीवर बसण्याचे लाभ व धोके स्पष्ट करा.

४. क्षेत्रकार्य : आपल्या परिसरातील एखादा किल्ला किंवा जुना वाडा पाहा. दरवाजावरील खिळ्यांची जमिनीपासूनची उंची मोजा, दारासमोरील वाटेचे वळण रेखाटा आणि हत्तीला धाव घेण्यास किती सरळ जागा मिळाली असती, याविषयी दहा ओळींत टिपण लिहा.